स्टेशन रोड परिसरातील इंटरनेट बंद : कारण, दुरुस्ती आणि अपेक्षित वेळ

सप्रेम नमस्कार,

आज सकाळी ११.४० पासून स्टेशन रोड, बाजारपेठ आणि शाळेमागच्या वसाहतीतले आपले इंटरनेट बंद आहे. गटाराच्या खोदकामात जेसीबीचा दणका बसून जमिनीखालची फायबर केबल तुटली. संध्याकाळी साडेसहापासून एकेका भागाची सेवा सुरू होत जाईल आणि रात्री नऊपर्यंत सगळ्यांची सुरू झालेली असेल, असा आमचा अंदाज आहे. दिवसभर ऑनलाइन काम करणाऱ्यांची आणि दुकानदारांची आज किती अडचण झाली आहे, याची आम्हाला जाणीव आहे. त्याबद्दल मनापासून दिलगिरी.

तुटलेली जागा अर्ध्या तासात सापडली. मग जागच्या जागी दोन टोके जोडून का टाकली नाहीत, असे बऱ्याच जणांनी फोनवर विचारले. जेसीबी केबल कापत नाही, ओढतो. केबल दिसायला एका जागी तुटते, पण ओढ बसल्यामुळे आतले काचेचे तंतू पुढे-मागेही तडकतात. आज तसेच झाले. केबलमध्ये प्रकाश सोडून तूट शोधणाऱ्या ओटीडीआर यंत्राने तपासले तेव्हा खड्ड्यापासून सुमारे ६० मीटरवर, बाहेरून धड दिसणाऱ्या केबलमध्ये आणखी एक तूट निघाली. तिथे नुसता सांधा मारून भागले नसते. म्हणून दोन चेंबरमधली अख्खी केबल काढून नवी टाकत आहोत. हे पत्रक लिहीपर्यंत, दुपारी तीन वाजता, नवी केबल पाइपमधून ओढायला सुरुवात झाली आहे.

ही केबल २४ कोअरची, म्हणजे काचेच्या २४ तंतूंची आहे. त्यातल्या १४ कोअरवर सध्या ग्राहक आहेत, बाकीच्या राखीव. आज आधी या १४ जोडू, राखीव कोअर रात्री उशिरा. नव्या तुकड्याला दोन टोके, म्हणजे एकूण २८ सांधे. एका सांध्याला तंतू सोलणे, स्पिरिटने पुसणे, सरळ कापणे, यंत्रात वितळवून जोडणे आणि वर संरक्षक नळी बसवणे, असे मिळून चार-पाच मिनिटे लागतात. घाई केली तर सांध्यात प्रकाश गळतो आणि पुढे महिनोन्‌महिने स्पीडची तक्रार राहते. त्यामुळे यंत्रावर ०.१ डीबीपेक्षा जास्त गळती दिसली, तर तो सांधा तोडून पुन्हा करतो.

नवी केबल ओढून झाली की जोडणी सुरू होईल. पहिले टोक पूर्ण होईपर्यंत कुणाचेच इंटरनेट येणार नाही. दुसऱ्या टोकाचे काम साधारण साडेसहाला सुरू झाले, की दर चार-पाच मिनिटांनी एक कोअर चालू होत जाईल. एका कोअरवर जास्तीत जास्त ६४ घरे असतात. म्हणून शेजाऱ्यांचे आले आणि आपले नाही, असे तास-दीड तास होऊ शकते. त्यात बिघाड काही नाही, आपली कोअर अजून व्हायची आहे एवढेच. हिशेबाने पावणेआठपर्यंत काम संपायला हवे. पाऊस आला तर सांध्यावर ताडपत्री धरून काम करावे लागते आणि ते मंदावते, म्हणून आम्ही नऊ सांगतो आहोत. अंदाज बदलला तर संध्याकाळी सहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि एसएमएसने नवी वेळ कळवू.

तोपर्यंत आपल्या इंटरनेटच्या डब्यावर LOS चा लाल दिवा लुकलुकत राहील. कृपया मागच्या बारीक भोकातले रीसेटचे बटण दाबू नका. त्याने आपले युजरनेम-पासवर्ड पुसले जातात आणि केबल जोडली गेली तरी तुमचे इंटरनेट बंदच राहते. डब्याला लागलेली पिवळी वायरही काढू नका. फायबरवरचा लँडलाइन फोन आणि मोबाइलवर दिसणारा सीसीटीव्ही बंद राहील, मात्र कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग दुकानातल्या डीव्हीआरवर नेहमीसारखे होत राहते. सिमकार्डवर चालणारी स्वाइप मशीन चालू राहतील.

लाल दिवा विझून PON चा हिरवा दिवा स्थिर झाला, की दोन-तीन मिनिटे थांबा. तरीही नेट आले नाही तर डबा मिनिटभर बंद करून पुन्हा चालू करा. रात्री नऊनंतरही LOS लालच असेल, तर पावतीवरच्या नंबरवर ग्राहक क्रमांक सांगून फोन करा. अशा वेळी बहुधा घराजवळच्या खांबावरच्या वायरला ओढ बसलेली असते, आणि तिथे माणूस पाठवावाच लागतो. आजचे फोन रात्री साडेअकरापर्यंत घेऊ, उरलेल्या घरी उद्या सकाळी नऊपासून येऊ.

आजचा पूर्ण दिवस प्रत्येकाच्या प्लॅनच्या मुदतीत आपोआप वाढवला जाईल, त्यासाठी अर्ज करायची गरज नाही. ज्यांची मुदत आज संपते आहे, त्यांचे कनेक्शन उद्या रात्रीपर्यंत बंद होणार नाही.