आवक-जावक वाहन खर्च आणि मालाची परत

विकत घेतलेला माल दुकानात किंवा गोदामात येऊन पडेपर्यंत वाहतुकीवर जो पैसा जातो तो आवक वाहन खर्च, आणि विकलेला माल गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला जो जातो तो जावक वाहन खर्च. पहिला व्यापार खात्याच्या नावे बाजूला लिहितात, दुसरा नफातोटा खात्याच्या नावे बाजूला. खरेदी परत आणि विक्री परत या दोन्ही रकमा व्यापार खात्यातच राहतात. खरेदी परत नावे बाजूला खरेदीतून वजा होते, विक्री परत जमा बाजूला विक्रीतून.

नियम दोन ओळींचा आहे, तरी वर्षअखेरीला घोळ इथेच होतो. गाडी कुठल्या दिशेने आली-गेली यावरून खाते ठरवण्याची सवय हे त्याचे मोठे कारण. खरी कसोटी अशी की माल विक्रीसाठी तयार होऊन आपल्या जागी येईपर्यंतचा खर्च मालाच्या किमतीचा भाग असतो, त्यानंतरचा खर्च विक्रीचा. व्यापार खाते मालाची किंमत आणि विक्री समोरासमोर ठेवून ढोबळ नफा काढते. दुकान चालवण्याचा आणि माल विकण्याचा खर्च त्यातून नफातोटा खात्यात वजा होतो.

उदाहरणासाठी काळबादेवीतल्या मुळजी जेठा मार्केटमधली घाऊक कापडाची पेढी घेऊ. आकडे समजुतीपुरते, पण व्यवहार रोजचा. पेढी इचलकरंजीहून यंत्रमागाचे कापड मागवते. ट्रक भिवंडीच्या गोदामात उतरतो, तिथून टेम्पोने गाठी मुंबईत येतात आणि शेवटचा टप्पा गल्लीतून हातगाडीवर होतो. ट्रकचे भाडे, टेम्पोचे भाडे, उतरवण्याची हमाली आणि हातगाडीवाल्याचे पैसे, हे सगळे आवक खर्चातच धरायचे. भिवंडी ते काळबादेवी हा प्रवास पेढीच्याच दोन जागांमधला असला, तरी माल विक्रीच्या ठिकाणी आणण्यासाठीच तो झालेला आहे. माथाडी कामगारांच्या मंडळाकडे भरायची लेव्ही, म्हणजे १९६९च्या माथाडी कायद्याखाली मजुरीवर द्यावी लागणारी जादा रक्कम, त्या हमालीबरोबरच जाते. मुंबईत १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. त्याआधीच्या वह्यांत आवक मालावरची जकातही व्यापार खात्यातच दिसेल. वस्तू व सेवा कराचे तसे नाही. ज्या कराची वजावट मिळते तो मालाच्या किमतीत धरत नाहीत.

वर्षभरात पेढीने २०,००,००० रुपयांचे कापड घेतले आणि ते आणायला ६०,००० रुपये, म्हणजे शेकडा ३, खर्च झाले. त्यातले १,००,००० रुपयांचे ताके डागाळलेले निघाले, ते परत पाठवले. पेढीने पुरवठादाराच्या नावाने नावे चिठ्ठी काढली ती १,०३,००० रुपयांची: एक लाख मालाचे आणि ३,००० त्या मालाच्या आणावळीचे, कारण दोष पुरवठादाराचा होता आणि त्याने तो मान्य केला. हे ३,००० खरेदी परत खात्यात टाकायचे नाहीत. ते आवक वाहन खर्चाच्या खात्याला जमा करायचे, म्हणजे तिथे ५७,००० उरतात. अशी फोड न करता अख्खी चिठ्ठी खरेदी परतीत टाकणारे पुष्कळ आहेत. ढोबळ नफा त्याने बदलत नाही, पण खरेदीवर शेकडा किती आणावळ पडली हा पुढे लागणारा आकडा बिघडतो.

विक्री २६,००,००० रुपयांची झाली आणि ८०,००० रुपयांचा माल गिऱ्हाइकांकडून परत आला. साताऱ्याला, रत्नागिरीला गाठी पाठवताना काही पार्सले पेढीने भाडे भरून पाठवली, त्याचे ४५,००० झाले. काही ‘टू पे’ गेली. त्यांचे भाडे माल सोडवताना गिऱ्हाईकच भरते, म्हणून ते पेढीच्या वहीत कुठेच येत नाही. आरंभीचा साठा ४,००,००० आणि अखेरचा ५,१५,००० धरून व्यापार खाते असे उभे राहते:

| नावे | रुपये | जमा | रुपये |
|---|---|---|---|
| आरंभीचा साठा | ४,००,००० | विक्री २६,००,००० वजा विक्री परत ८०,००० | २५,२०,००० |
| खरेदी २०,००,००० वजा खरेदी परत १,००,००० | १९,००,००० | अखेरचा साठा | ५,१५,००० |
| आवक वाहन खर्च | ५७,००० | | |
| ढोबळ नफा (नफातोटा खात्यात नेला) | ६,७८,००० | | |
| एकूण | ३०,३५,००० | एकूण | ३०,३५,००० |

ढोबळ नफ्याचे ६,७८,००० नफातोटा खात्याच्या जमा बाजूला येतात. नावे बाजूला जावक वाहन खर्च ४५,००० आणि भाडे, पगार, वीज वगैरे ३,३३,००० लिहिले की निव्वळ नफा ३,००,००० उरतो.

आता जावक खर्चाचे ४५,००० चुकून व्यापार खात्यात गेले असे समजा. ढोबळ नफा ६,३३,००० होईल आणि निव्वळ नफा तेवढाच, तीन लाख, राहील. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी, तीही जुळलेली असेल, कारण रक्कम नावे बाजूलाच आहे, फक्त वेगळ्या खात्यात. त्यामुळे बेरजा तपासून ही चूक कधीच सापडत नाही. ती सापडते शेकड्याने. निव्वळ विक्रीवर ढोबळ नफ्याचे प्रमाण २६.९ टक्क्यांवरून २५.१ टक्क्यांवर आलेले दिसते. कापडाचे भाव आणि विक्रीचे दर तेच असताना प्रमाण असे घसरले तर पहिल्यांदा वाहतुकीची खतावणी उघडून पाहावी. तसे न करता मालक खरेदीच महाग पडतेय असे समजून पुरवठादाराशी घासाघीस करत बसतो, आणि मूळ कारण त्याच्याच वहीत पडून असते.

निव्वळ नफा खरोखर बदलतो तो साठ्यामुळे. वर्षअखेरीला गोदामात ५,००,००० रुपयांच्या खरेदीच्या भावाचा माल होता. तो इथवर आणायला शेकडा ३ खर्च झालेला आहे, म्हणून साठा ५,१५,००० धरला. साठ्याच्या मूल्यांकनाचे भारतातले लेखा मानक क्रमांक २ हेच सांगते: आवक भाडे खरेदीच्या किमतीत धरायचे, विक्री आणि वितरणाचा खर्च धरायचा नाही. कारकुनाने बिलाचा भाव बघून नुसते ५,००,००० लिहिले, तर न विकलेल्या मालाची आणावळही याच वर्षाच्या नफ्यातून जाते आणि निव्वळ नफा २,८५,००० दिसतो. पुढच्या वर्षी आरंभीचा साठा १५,००० ने कमी असल्यामुळे तेवढाच नफा जास्त दिसतो. दोन वर्षांची बेरीज जुळते, पण कर दर वर्षाच्या नफ्यावर भरायचा असतो आणि भागीदारांची वाटणीही दर वर्षी होते. मधल्या काळात एक भागीदार बाहेर पडला तर १५,००० रुपयांतला त्याचा वाटा दुसऱ्याच्या खिशात गेला. जुना, भाव पडलेला माल असेल तर गोष्ट वेगळी. विकून जे हाती येईल ते किमतीपेक्षा कमी असेल, तर साठा त्या कमी आकड्यालाच धरावा लागतो.

परतीच्या मालात दिशेची कसोटी सर्वांत जास्त फसवते. समजा मार्चच्या शेवटी रत्नागिरीच्या गिऱ्हाइकाने २०,००० रुपयांचे पार्सल परत केले, पेढीने २९ मार्चला जमा चिठ्ठी दिली आणि भाड्याचे ६०० रुपयेही आपणच सोसले. पार्सल दुकानाकडे आले, म्हणून हे ६०० आवक खर्चात टाकायचा मोह होतो. तो माल मात्र एकदा विकत आणून, किमतीत आणावळ धरून झालेला आहे. ६०० रुपये विक्री फसल्यामुळे गेले, म्हणून ते नफातोटा खात्यात.

पार्सल प्रत्यक्ष दुकानात आले ३ एप्रिलला. ३१ मार्चला गोदामात माल मोजणाऱ्याला ते दिसणारच नाही. आणावळीसह त्याची किंमत १४,००० आहे आणि ती अखेरच्या साठ्यात धरायलाच हवी, कारण विक्री तर २९ तारखेलाच कमी केली आहे. विसरले तर ढोबळ नफा १४,००० ने उगाच कमी दिसतो. उलट ते २०,००० ला, म्हणजे विक्रीच्या भावाने धरले, तर न झालेल्या विक्रीवर ६,००० रुपयांचा नफा वहीत चढतो. वर्षाच्या शेवटच्या पंधरवड्यातल्या जमा चिठ्ठ्या आणि एप्रिलच्या सुरुवातीच्या बिल्ट्या, म्हणजे वाहतूकदाराच्या माल पाठवल्याच्या पावत्या, शेजारी ठेवून पाहिल्या की असा वाटेतला माल लगेच सापडतो. वर्षाअखेरच्या सगळ्या तपासण्यांत एवढी स्वस्त आणि एवढी फळ देणारी दुसरी नाही.

तेरजेत विक्री परतीची शिल्लक नावे असते आणि खरेदी परतीची जमा. परीक्षेच्या प्रश्नांत यांनाच आवक परत आणि जावक परत म्हणतात, तिथे नावावरून गोंधळ झाला तर शिल्लक कुठल्या बाजूला आहे ते पाहावे. काही जण विक्री परत विक्रीतून वजा न करता खरेदीत मिळवतात. ढोबळ नफा ६,७८,०००च येतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण उलाढाल २५,२०,००० ऐवजी २६,००,००० दिसते. बँकेला किंवा कर खात्याला दाखवायचा आकडा त्यामुळे चुकीचा होतो.

तेरजेत नुसते ‘वाहन खर्च’ किंवा ‘गाडीभाडे’ एवढेच लिहिले असेल तर ते आवक समजून व्यापार खात्यात घेण्याचा प्रघात आहे. हा परीक्षेचा तोडगा झाला. पेढीत बसलेल्या माणसाने बिल्टी काढून पाहावी, कारण तिच्यावर पाठवणारा आणि घेणारा दोन्ही लिहिलेले असतात. दुकानासाठी आणलेल्या कपाटाचे किंवा एसीचे भाडे या दोन्ही खात्यांत येत नाही. ते त्या मालमत्तेच्या किमतीत मिळवून ताळेबंदात नेतात आणि पुढे घसाऱ्याच्या वाटेने थोडे थोडे नफातोटा खात्यात येते.

ही दोन खात्यांची मांडणी एकट्या मालकाच्या आणि भागीदारीच्या पेढ्यांची. कंपनी कायदा २०१३च्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे कंपन्यांना एकच नफातोटा पत्रक द्यावे लागते, त्यात ढोबळ नफ्याची ओळच नसते. आवक भाडे तिथे मालाच्या खरेदीखर्चात मिसळते आणि जावक भाडे बहुधा इतर खर्चांत जाते, त्यामुळे ढोबळ नफा हवा असेल तर टिपांतले आकडे घेऊन तो स्वतः काढावा लागतो.