तेलाचा दट्ट्या आणि हवेचा दट्ट्या

हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिक सिलिंडर बाहेरून इतके सारखे दिसतात की अनेकांना त्यांच्यातला फरक केवळ तेल आणि हवा एवढाच वाटतो. तो फरक नेमका कळण्यासाठी दोन उभे सिलिंडर घ्यावेत. दोन्हींत दट्ट्याखाली 500 मिलिमीटर उंचीचा स्तंभ आहे, एकात तेलाचा आणि दुसऱ्यात हवेचा; दाब 6 बार आहे आणि व्हॉल्व्ह बंद आहेत. आता दट्ट्यावरचा भार दुप्पट केला, म्हणजे दाब 12 बार झाला, तर तेलाचा दट्ट्या जेमतेम 0.2 मिलिमीटर खाली येतो. हवेचा दट्ट्या मात्र, तापमान स्थिर राहिले असे धरल्यास, सुमारे 23 सेंटिमीटर खचतो. याचे कारण असे की द्रवाचे रेणू आधीच एकमेकांना जवळजवळ खेटून असतात, तर वायूच्या रेणूंमध्ये भरपूर मोकळी जागा असते.

म्हणूनच जेसीबीच्या बाहूत तेल असते. चालकाने लिव्हर मध्यावर आणली की बादली जिथे आहे तिथेच थांबते, आणि माती भरल्याने भार वाढला तरी ती फारशी खचत नाही. बसच्या दारात मात्र हवा सोयीची ठरते, कारण मध्ये कोणाचा हात आला तर तीच हवा दबून धक्का काही प्रमाणात सौम्य करते. शिवाय वापरलेली हवा फुस्स करून बाहेर सोडता येते. तेलाला टाकीकडे परतीची नळी द्यावीच लागते. हवेचा तोटा संथ गतीत दिसतो: घर्षणाने दट्ट्या अडकतो, मागे दाब साठतो आणि मग तो एकदम उडी मारतो.

दोन्हींतला फरक पायाला जाणवतो तो मोटारीच्या ब्रेकमध्ये. तिथली यंत्रणा तेलाची असते, पण समजा तिच्यात 1 घन सेंटिमीटर हवा शिरली. ब्रेक दाबताच ती हवा जवळजवळ नाहीशी होण्याइतकी दबते. मुख्य सिलिंडरचा व्यास 20 मिलिमीटर असेल, तर ही जागा भरून काढण्यासाठी दट्ट्याला सुमारे 3 मिलिमीटर जास्त सरकावे लागते, आणि पेडलची तरफ चौपट असेल, तर पाय सुमारे 13 मिलिमीटर फुकट खाली जातो. पेडल स्पंजासारखे लागते ते यामुळे. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर ते घट्ट झाले, तर हवेचा संशय बळावतो (तरी ब्रेकचे पॅड-लायनर तपासावेतच). लांब घाट उतरताना, ओलावा शोषलेले जुने ब्रेक-तेल उकळून बुडबुडे झाले तरी पायाला हाच मऊपणा लागतो, आणि तेव्हा हवा काढून भागत नाही, तेलच बदलावे लागते.