प्रतिप्रवाही विनिमय : माशाचे कल्ले आणि सस्तन प्राण्यांची फुप्फुसे

माशाच्या कल्ल्यांमध्ये पाणी एका दिशेने वाहते आणि रक्त त्याच्या बरोबर उलट दिशेने. दोन प्रवाहांच्या या उलट मांडणीतून होणाऱ्या वायूंच्या देवाणघेवाणीला प्रतिप्रवाही विनिमय म्हणतात. माणसासह सर्व सस्तन प्राण्यांच्या फुप्फुसांत अशी मांडणी नसते. तिथे हवा ज्या वाटेने आत येते त्याच वाटेने बाहेर जाते, म्हणून त्या पद्धतीला भरती-ओहोटीचे श्वसन म्हणतात. माशाचे कल्ले पाण्यातला ७० ते ८० टक्के ऑक्सिजन काढून घेऊ शकतात, तर आपली फुप्फुसे खोलवर पोहोचलेल्या ताज्या हवेतला जेमतेम चौथा हिस्सा घेतात. हे आकडे वाचून फुप्फुस हा कमी प्रतीचा अवयव आहे असे वाटू शकते. ते खरे नाही, पण त्याआधी कल्ला नीट पाहायला हवा.

सांगली-साताऱ्याच्या मासळी बाजारात ताजेपणा तपासताना माशाच्या गालावरचे झाकण उचलून कल्ला लाल आहे का ते पाहतात. ताजा रोहू किंवा कटला असेल तर आत प्रत्येक बाजूला चार कमानी दिसतात आणि प्रत्येक कमानीवर कंगव्याच्या दातांसारख्या लालभडक तंतूंच्या दोन रांगा. साध्या डोळ्यांना एवढेच दिसते. खरे काम चालते ते प्रत्येक तंतूच्या वरच्या व खालच्या अंगाला दाटीने उभ्या असलेल्या सूक्ष्म पटलिकांमध्ये. पटलिका म्हणजे रक्ताने भरलेली अतिशय पातळ पाकळी. मासा तोंडातून पाणी आत घेतो, ते दोन पटलिकांमधल्या बारीक फटींतून जाते आणि गालाच्या झाकणाखालून बाहेर पडते. पटलिकेतले रक्त पाणी बाहेर पडते त्या बाजूने शिरते आणि पाणी आत येते त्या बाजूने निघते.

दिशा उलट असल्याने काय साधते, हे या भागात दूध घालणाऱ्या कुणालाही शीतकरण केंद्रातल्या प्लेट चिलरवरून समजेल. नुकतेच काढलेले ३५ अंशांचे दूध आणि ३ अंशांचे थंड पाणी पत्र्याच्या दोन बाजूंनी सारख्याच वेगाने, एकाच दिशेने सोडले, तर दोन्ही १९ अंशांच्या आसपास येऊन थांबतात. पत्रा कितीही लांब केला तरी त्यापुढे दूध थंड होत नाही, कारण फरकच उरलेला नसतो. पाणी उलट बाजूने सोडले की चित्र पालटते. बाहेर पडणाऱ्या दुधाला शेवटी सर्वांत थंड पाणी भेटते आणि ते ५ अंशांपर्यंत उतरू शकते. तापलेले पाणीही जाता जाता कोमट झालेल्या दुधाला नाही, तर आत्ताच आलेल्या गरम दुधाला भेटते.

कल्ल्यात तापमानाच्या जागी ऑक्सिजनचा दाब असतो. पटलिकेच्या कडेने चालताना पाण्यातला दाब १००, ८०, ६०, ४०, २० असा उतरतो असे समजू. समोरून येणाऱ्या रक्तातला दाब त्याच जागांवर ९०, ७०, ५०, ३०, १० असेल. प्रत्येक ठिकाणी पाणी रक्तापेक्षा १० ने वर आहे, म्हणून ऑक्सिजन पूर्ण लांबीभर रक्तातच जात राहतो. रक्त बाहेर पडते तेव्हा ते सर्वांत ताज्या पाण्याजवळ असते. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने गेले असते तर ते ५५-५५ वर येऊन थांबले असते. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण त्यांच्यामागचे तत्त्व प्रयोगाने तपासले गेले आहे. हेझलहॉफ आणि एव्हेनहुइस यांनी १९५२ मध्ये टेंच जातीच्या माशाच्या कल्ल्यांतून पाणी उलट्या दिशेने सोडून पाहिले. मासा तोच, कल्लाही तोच, फक्त पाण्याची दिशा बदललेली. ऑक्सिजन काढून घेण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. या विषयावर यापेक्षा स्वच्छ प्रयोग मला दुसरा सांगता येणार नाही.

माशाला एवढी काटकसर का लागते, याचे उत्तर पाण्यात आहे. २८ अंशांच्या, हवेने पूर्ण संपृक्त गोड्या पाण्यात एका लिटरला साधारण ७.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, म्हणजे ५ ते ६ मिलिलिटर. एक लिटर हवेत तो जवळपास २१० मिलिलिटर असतो. वजनात मांडले तर फरक अंगावर येतो. १ ग्रॅम ऑक्सिजनसाठी माशाला सुमारे १३० किलो पाणी कल्ल्यांतून न्यावे लागते आणि तेही त्यातला सगळा ऑक्सिजन काढला तर. तेवढाच ऑक्सिजन साडेतीन-चार लिटर हवेत असतो आणि त्या हवेचे वजन ४ ते ५ ग्रॅमच भरते. इतके जड पाणी आत ओढायचे, थांबवायचे आणि त्याच वाटेने परत ढकलायचे, हे माशाला परवडणारे नाही. म्हणून पाणी एकाच दिशेने वाहते. तोंड ढकलते, गालाचे झाकण ओढते, आणि या दोन पंपांच्या जोडकामामुळे कल्ल्यांवरचा प्रवाह जवळजवळ अखंड राहतो. त्यातही पाणी रक्तापेक्षा दहा ते वीस पट जास्त वाहावे लागते, कारण लिटरमागे रक्त पाण्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन धरते. आपल्याकडे हवा आणि रक्ताचे हे प्रमाण जवळपास एकास एक असते.

आता फुप्फुसाकडे येऊ. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात अर्धा लिटर हवा घेतो. त्यातली सुमारे १५० मिलिलिटर श्वासनलिकेत आणि तिच्या फाट्यांतच राहते, तिथे देवाणघेवाण होत नाही. उरलेली ३५० मिलिलिटर हवा फुप्फुसात आधीच असलेल्या साधारण अडीच लिटर हवेत मिसळते. म्हणजे प्रत्येक श्वासाला जुन्या साठ्याचा सातवा भागच बदलतो. रक्ताला ताजी हवा कधी थेट भेटतच नाही, भेटते ती ही मिसळलेली हवा. समुद्रसपाटीला बाहेर ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १६० मिलिमीटर असला तरी वायुकोशात तो १०० च्या आसपास असतो आणि रक्त त्याच्या वर जाऊ शकत नाही. मिनिटाला १५ श्वास धरले तर वायुकोशांत सव्वापाच लिटर ताजी हवा पोहोचते, तिच्यात सुमारे ११०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि शरीर त्यातला २५० च्या आसपास उचलते. वर सांगितलेला चौथा हिस्सा इथून येतो.

तरीही माझ्या मते फुप्फुसाला दोष देणे चूक आहे. हवा हलकी आहे, तिच्यात ऑक्सिजन मुबलक आहे, त्यामुळे तीन चतुर्थांश परत सोडला तरी बिघडत नाही. शिवाय त्या अडीच लिटरच्या साठ्याचा मोठा उपयोग आहे. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब त्याच्यामुळे ४० मिलिमीटरच्या जवळ स्थिर राहतो आणि रक्ताची आम्लता एकेका श्वासागणिक हेलकावे खात नाही. माशात हाच दाब २ ते ४ मिलिमीटर असतो, कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यात ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज विरघळतो आणि एवढ्या पाण्याबरोबर धुऊन जातो. म्हणूनच आपला श्वास मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढला की वेगावतो आणि माशाचा ऑक्सिजन कमी झाला की. भरती-ओहोटीचा आणखी एक फायदा म्हणजे श्वसनाचा ओला पृष्ठभाग शरीरात खोल, दमट जागी राहतो. कल्ल्यासारख्या उघड्या पाकळ्या कोरड्या वाऱ्यात तासभरही टिकल्या नसत्या.

कल्ल्याची ही काटकसर कुठे अपुरी पडते, ते उन्हाळ्यात कृष्णेच्या काठी दिसते. सोपा हिशोब करू. १ किलोच्या रोहूला २८ अंशांच्या पाण्यात तासाला २०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो असे धरू. पाण्यात लिटरला ७ मिलिग्रॅम असेल आणि मासा ७० टक्के काढत असेल, तर लिटरमागे ५ मिलिग्रॅम मिळतात आणि तासाला ४० लिटर पाणी पुरते. मार्च-एप्रिलमध्ये पात्रातला प्रवाह मंदावला, वरून मळी किंवा सांडपाणी आले, आणि ते कुजवणाऱ्या जिवाणूंनी ऑक्सिजन २ मिलिग्रॅमवर आणला, तर त्याच माशाला तासाला १४० लिटरहून जास्त पाणी लागेल. खरे तर त्याहूनही जास्त, कारण पाणी फटींतून वेगाने गेले की रक्ताला त्यातला ऑक्सिजन उचलायला वेळ कमी मिळतो आणि ७० टक्के हे प्रमाणही घसरते. मासा झाकणे जोरात हलवतो आणि त्या कष्टालाच जादा ऑक्सिजन लागतो. इथून पुढे कितीही धाप लागली तरी हिशोब जुळत नाही. प्रतिप्रवाह पाण्यात आहे तेवढेच काढू शकतो, नसलेले आणू शकत नाही.

जत, आटपाडी, माण, खटाव भागात शेततळ्यांत मासे सोडणाऱ्यांनी याची खूण पहाटे पाहावी. रात्री शेवाळ स्वतःच ऑक्सिजन वापरते, म्हणून सूर्योदयाच्या आधी तळ्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागावर तोंड वासत असतील, कडेने माणूस चालला तरी बुडी मारत नसतील, तर ते हवा गिळत नाहीत, हवेला लागून असलेला पाण्याचा पातळ थर कल्ल्यांवरून ओढत आहेत. त्या थरात ऑक्सिजन थोडा जास्त असतो. अशा वेळी खाद्य बंद करून एअरेटर किंवा पाण्याचा फवारा लावावा. ऊन वर आल्यावर मासे खाली गेले म्हणून निश्चिंत होऊ नये, दुसऱ्या पहाटे तेच होते. गाळाने किंवा अमोनियाने पटलिकांची त्वचा जाड झाली असेल, तर पाण्यात ऑक्सिजन पुरेसा असूनही मासे असेच वागतात. म्हणून आधी ऑक्सिजन मोजावा, तो ठीक निघाला तर मेलेल्या माशाचा कल्ला उचलून पाहावा : फिका, चिकट, बुळबुळीत थराखाली झाकलेला असेल तर दोष पाण्याच्या ऑक्सिजनात नसून कल्ल्यात आहे.

घाटावर टाकलेल्या रोहूच्या भोवती पाण्याच्या पस्तीस-चाळीस पट ऑक्सिजन असतो, तरी तो गुदमरतो. पाण्याने तोललेल्या पटलिका हवेत आधाराविना कोसळतात, ओलाव्याने एकमेकींना चिकटतात, त्यांच्यातल्या फटी बंद होतात आणि पाकळ्यांचा सगळा विस्तार काही गुठळ्यांएवढा उरतो. त्याच टोपलीतला मरळ मात्र बराच वेळ जिवंत राहतो. त्याच्या कल्ल्यांच्या वर हवा धरणारी पोकळी असते. तिच्यात हवा आपल्या फुप्फुसाप्रमाणेच आत येते आणि बाहेर जाते. पूर्ण वाढलेल्या मरळाला या हवेची इतकी गरज असते, की त्याला पाण्याखाली जाळ्यात अडकवून वर येऊ दिले नाही, तर तो पाण्यातच बुडून मरतो.