एका रात्रीत वाढलेले १.४ किलो

प्रिय सई,

तुझ्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान मी पाहिलं. न विचारता पाहिलं, त्याबद्दल माफ कर. रविवार सकाळ ५२.६, सोमवार सकाळ ५४.०, आणि पुढे लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेलं ‘१.४!!’. त्या दिवशी तू डबा तसाच परत आणलास. इतकी वर्षं मी कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते आहे, पण घरात काट्यावरचा आकडा कसा वाचायचा हे तुला कधी सांगितलंच नाही. आज सांगते.

ते १.४ किलो चरबी असती तर काय झालं असतं बघ. शरीरावरच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे १.४ किलोसाठी जवळजवळ १०,८०० कॅलरी लागतात, आणि त्याही रोजच्या जेवणाच्या वर. एका वडापावच्या ३०० धरल्या, तर रविवारी गिरगावातल्या लग्नात जेवून उठल्यावर तुला आणखी पस्तीसेक वडापाव खावे लागले असते. तू खाल्लास मसालेभात, दोन पापड, लोणचं, भजी आणि जिलेबी.

मग काटा का चढला? आधी मिठाचं बघू. आजी आजारी होती तेव्हा तिला सलाइन लावलं होतं, आठवतं? त्याच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, कारण आपल्या रक्ताचा खारटपणा साधारण तेवढाच असतो. शरीर तो फारसा बदलू देत नाही. लग्नाच्या पंगतीत चार-साडेचार ग्रॅम मीठ जास्त गेलं, तर तो खारटपणा राखायला साधारण अर्धा लिटर पाणी थांबवून धरलं जातं. पापडानंतर लागते ती तहान त्यासाठीच. जास्तीचं मीठ मूत्रपिंडं एक-दोन दिवसांत बाहेर टाकतात, आणि त्याबरोबर ते पाणीही जातं.

दुसरा वाटा ग्लायकोजेनचा. यकृत आणि स्नायू साखर या रूपात साठवतात, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. शुक्रवार-शनिवार तू जवळजवळ उपाशी होतीस, त्यामुळे हा साठा उतरला होता. रविवारी भात आणि जिलेबीने त्यातला शंभरेक ग्रॅम भरून निघाला असेल, तर त्याच्या पाण्यासकट चारशे ग्रॅम झाले. उरलेलं अर्धा किलो म्हणजे पोटात आणि आतड्यात अजून वाटेवर असलेलं अन्न. हा माझा अंदाज आहे, तोलून काढलेला हिशेब नाही. पण तुझ्याच वहीत बुधवारी ५३.१ लिहिलंय. पाळीच्या आधीही अंगात असंच पाणी थांबतं, पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरतं.

आता मला जास्त काळजी वाटते ती गोष्ट. रविवारचं ५२.६ बघून तू खूश झाली होतीस ना? तेही पाणीच होतं, फक्त बाहेर गेलेलं. दोन दिवस उपाशी राहिलीस की साखरेचा साठा उतरतो, त्याचं पाणी निघून जातं आणि काटा लगेच शाबासकी देतो. जेवलीस की तेच पाणी परत येतं आणि तू स्वतःला दोष देतेस.

तू चौदा वर्षांची आहेस. वयात येण्याआधी मुलीच्या वजनाचा साधारण सहावा भाग चरबीचा असतो. वाढ पूर्ण होईपर्यंत तो चौथ्या भागाच्या आसपास जातो, आणि पाळी नियमित राहायला ही चरबी लागते. उंची सर्वांत वेगाने वाढते त्या काळाच्या आगेमागे दोनेक वर्षांत मोठेपणीच्या हाडांतला जवळजवळ पाव हिस्सा तयार होतो. खाणं फार कमी पडलं की मेंदू आधी पाळीचे संप्रेरक-संदेश मंदावतो. इस्ट्रोजेन उतरतं, हाडांची भरणी अडते, आणि ती पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. काट्याला यातलं काहीच कळत नाही. घडत असलेलं हाड आणि थांबलेलं पाणी त्याच्या लेखी सारखंच.

मावशी मांडवात सगळ्यांसमोर ‘किती सुटलीस गं’ म्हणाली, तेव्हा मी हसून विषय बदलला. तिथेच तिला थांबवायला हवं होतं. ते मी काल फोनवर केलं.

वजन कधी बघायचंच नाही असं मी म्हणत नाही. वर्षातून एक-दोनदा डॉक्टर ते तुझ्या उंचीबरोबर, तुझ्या वयाच्या मुलींच्या तक्त्यावर मांडतील. तिथे एका दिवसाच्या आकड्यापेक्षा रेघ कशी चालली आहे हे बघतात. मला मात्र तुझ्याकडून दुसऱ्या गोष्टी कळायला हव्यात. पाळी सलग तीन महिने आली नाही, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, सगळ्यांना उकडत असताना तुला थंडी वाजली, किंवा आमच्यासोबत जेवायला बसणंच नकोसं वाटलं, तर लगेच सांग. आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ.

काटा मी माळ्यावर ठेवलाय, गावी जाताना बॅगा तोलायला काढू. आणि परवा दादर स्टेशनच्या जिन्यावर तू कठडा धरून थांबलीस, उन्हामुळे म्हणालीस. खरंच उन्हामुळे होतं का, ते आज रात्री मला सांग.

तुझी,
आई