थकबाकीच्या नोटिशीत तीन महिने कुठून मोजायचे?

सोलापुरात मे-जून उजाडला की सोसायट्यांच्या जिन्यात पहिला कागद लागतो तो मेंटेनन्सच्या थकबाकीचा. त्याला कारण पाणी. महापालिकेचं पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, उन्हाळ्यात बोअर आटतो, टँकर मागवावे लागतात आणि मोटारीचं वीजबिल वाढतं. टँकरवाला रोख मागतो. वॉचमनचा पगारही पाच तारखेला द्यावाच लागतो. चोवीस घरांपैकी पाच-सहा घरांनी दोन-दोन तिमाह्या भरलेल्या नसल्या, तर सेक्रेटरी आधी स्वतःच्या खिशातून भागवतो आणि मग नोटीस लिहायला बसतो. या कामाचे त्याला पैसे मिळत नाहीत. ज्याला नोटीस द्यायची तो समोरच्याच दारात राहतो, रोज जिन्यात भेटतो. म्हणून मजकूर ‘सप्रेम नमस्कार’ने सुरू होतो आणि शेवटच्या ओळीत ‘अन्यथा कायदेशीर कार्यवाही करावी लागेल’ असं येतं.

या शेवटच्या ओळीमागचा इतिहास पाहण्यासारखा आहे. सहकार कायदा १९६० चा. थकीत रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याची त्यातली सोय, म्हणजे जुनं कलम १०१, मुख्यतः पीककर्जाच्या वसुलीच्या धाटणीची होती. गावच्या सोसायटीने शेतकऱ्याकडून कर्ज वसूल करायचं, त्यासाठी दिवाणी कोर्टाच्या फेऱ्या नकोत, हा त्यामागचा हेतू. त्याच कलमाच्या आधाराने शहरातल्या गृहनिर्माण संस्थांची वसुलीही चालू लागली. २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी तेरा-ब हे वेगळं प्रकरण आलं आणि त्यांची वसुली कलम १५४ब-२९ खाली गेली. आजही कितीतरी नोटिशींत ‘कलम १०१ अन्वये’ असंच छापलेलं असतं, कारण जुन्या सेक्रेटरीचा मसुदा नव्याकडे तसाच जातो आणि तारीख तेवढी बदलते.

खरा गुंता मात्र कलमाच्या क्रमांकात नाही, तो ‘थकबाकीदार’ या शब्दात आहे. बोलण्यात आपण पैसे न भरलेल्या कोणालाही थकबाकीदार म्हणतो. कायद्याच्या भाषेत हा शब्द चिकटला की त्या सदस्याला कमिटीवर बसता येत नाही. त्यामुळे तो नेमका कोणत्या दिवसापासून लागू होतो, यावरून भांडणं होतात. पूर्वी कमिटी सदस्याच्या अपात्रतेच्या कलमात गृहनिर्माण संस्थेपुरती व्याख्या अशी होती : थकीत रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस टपाल-प्रमाणपत्राने पाठवायची आणि ती बजावल्यापासून तीन महिन्यांत पैसे आले नाहीत, तरच तो सदस्य थकबाकीदार. म्हणजे बिल कितीही जुनं असो, नोटीस नसेल तर थकबाकीदार नाही.

टपाल-प्रमाणपत्र म्हणजे काय, हे पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. पाकिटांवरची नावं-पत्ते एका कागदावर लिहून पोस्टात न्यायचे, कारकून त्यावर तारखेचा शिक्का मारून कागद परत द्यायचा. पत्र पोहोचलं की नाही हे त्यातून कळत नसे, फक्त टाकलं एवढंच सिद्ध होई. स्वस्त होतं, म्हणून सोसायट्यांना परवडत होतं. टपाल खात्याने ही सेवा २०११ मध्ये बंद केली. कायद्यातले शब्द मात्र त्यानंतरही काही वर्षं तसेच राहिले, आणि न मिळणाऱ्या शिक्क्याची अट दाखवून ‘मला रीतसर नोटीसच मिळाली नाही’ असं म्हणायची सोय झाली. सोसायट्या मग रजिस्टर्ड एडीकडे वळल्या. पुढे २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं.

२०१९ च्या व्याख्येने पोस्टाचा प्रश्न सोडवला, पण नवा प्रश्न उभा केला. आता बिल किंवा नोटीस मिळाल्यापासून, किंवा भरण्याच्या अंतिम तारखेपासून, यांतलं जे नंतरचं असेल तिथून तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सदस्य थकबाकीदार ठरतो. घड्याळ सुरू करायच्या तीन जागा आहेत आणि मध्ये ‘किंवा’ आहे, त्या ‘किंवा’वर बोट ठेवताना ‘जे नंतरचं’ हे शब्द मात्र सुटतात.

उदाहरण घेऊ. विजापूर रोडवरच्या चोवीस सदनिकांच्या एका सोसायटीत तिमाही बिल ४,५०० रुपयांचं आहे. बिल १ एप्रिलला घरोघरी पोहोचलं, भरण्याची अंतिम तारीख ३० एप्रिल. एका सदस्याने भरलं नाही. सेक्रेटरीने १० जूनला नोटीस दिली. बिलापासून मोजलं तर तीन महिने १ जुलैला संपतात. अंतिम तारखेपासून मोजलं तर ३० जुलैला. नोटिशीपासून मोजलं तर १० सप्टेंबरला. ऑगस्टमध्ये कमिटीची निवडणूक लागली आणि याच सदस्याने अर्ज भरला. पहिल्या दोन हिशेबांनी तो अपात्र, तिसऱ्याने पात्र. त्याच्या विरोधकाच्या हातात बिल असतं, त्याच्या हातात नोटीस.

कमिटीची बाजू अशी असते की बिल हीच मागणी आहे, शेजाऱ्याने भरलेल्या पैशांवर तीन महिने पाणी प्यायल्यानंतर आणखी तीन महिने कशाला? हा मुद्दा पोकळ नाही. तरीही व्याख्येप्रमाणे सर्वांत उशिराचीच तारीख धरायची, आणि तेच योग्य, असं मला ठामपणे वाटतं. व्याख्येत तीन शब्द आहेत म्हणून आपल्या सोयीचा एक उचलायचा, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या सदस्यासाठी दुसरा, असं झालं की नोटीस हे वसुलीचं साधन राहत नाही, निवडणुकीचं होतं. ज्या कमिटीला १० सप्टेंबरपर्यंत थांबायचं नसेल, तिने नोटीस एप्रिलअखेरीसच द्यावी. मेमध्ये ‘नंतर बघू’ म्हणत बसणं आणि निवडणूक जवळ आल्यावर बिलाची तारीख काढणं, हे सदस्यावर अन्याय करणारं आहे.

नोटीस मिळाल्याचा पुरावाही तितकाच महत्त्वाचा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे आठवण, बजावणी नव्हे, असं धरूनच चालावं. हाती दिली तर दुसऱ्या प्रतीवर सही आणि तारीख घ्यावी. सही नाकारली तर स्पीड पोस्टने पाठवून पोहोच जपून ठेवावी. दाराला चिकटवायची वेळ आली, तर दोन शेजाऱ्यांच्या सहीने तसं लिहून ठेवावं. नावांची यादी बोर्डावर लावण्याची पद्धत सोलापुरात सर्रास आहे. तिने पैसे क्वचित येतात, अबोला मात्र नक्की येतो. पाण्याची लाइन तोडणं तर कुठल्याही परिस्थितीत करू नये. आपली रास्त मागणी घेऊन उभी असलेली सोसायटी त्या एका कृतीने आरोपीच्या जागी जाते.

व्याजाचा इतिहास छोटा आहे, पण तिथेही चूक ठरलेली. आदर्श उपविधींप्रमाणे थकीत रकमेवर सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने सरळ व्याज लावता येतं, आणि त्या दराची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के आहे. सभेने दर ठरवलाच नसेल, तर २१ टक्के आपोआप लागू होत नाहीत. दुसरी चूक हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून येते. मागचं व्याज ‘मागील बाकी’मध्ये जातं आणि पुढच्या महिन्यात त्या व्याजावर व्याज चढतं. १८,००० रुपयांच्या थकबाकीवर दोन वर्षांचं सरळ व्याज २१ टक्क्यांनी ७,५६० रुपये होतं. दरमहा चक्रवाढ झालं तर तेच ९,२९६ च्या आसपास जातं. सतराशेहून जास्त रुपयांचा हा फरक नोटिशीत दिसत नाही, कारण तिथे एकच आकडा लिहिलेला असतो. मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवलं, तर तो दोन मिनिटांत सापडतो.

सोलापुरात आणखी एक घोळ आहे. सगळ्याच इमारतींना लोक ‘सोसायटी’ म्हणतात, पण जुळे सोलापूर, होटगी रोड भागांतल्या काही इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करून झालेल्या असतात. तिथे खर्चाची वाटणी घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीने होते. सहकारी सोसायटीत मात्र सेवा शुल्क सर्व सदनिकांना सारखं. अपार्टमेंटच्या सेक्रेटरीने मित्राच्या सोसायटीतून मसुदा आणून ‘१५४ब-२९ अन्वये’ लिहिलं, तर ते कलम त्याच्या कामाचं नाही. नोटीस काढण्याआधी इमारतीचं नोंदणीपत्र किंवा घोषणापत्र एकदा कपाटातून काढून पाहावं.

सोसायटीच असेल, तर पुढची वाट अशी जाते. नोटिशीची मुदत संपल्यावर कमिटी ठराव करते. बिलांच्या प्रती, खातेउतारा, व्याजदराचा सभेचा ठराव आणि नोटिशीच्या पोहोचा जोडून निबंधकांकडे अर्ज जातो. सदस्याला म्हणणं मांडायची संधी मिळते. रक्कम सिद्ध झाली की वसुली दाखला निघतो आणि वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षणाचा अर्ज करायचा, तर सदस्याला वसुलीच्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात. ही अट बहुतेकांना दाखला हातात पडल्यावरच कळते, म्हणून ती पहिल्याच नोटिशीत साध्या भाषेत लिहिणं मला सभ्यपणाचं वाटतं. धमकीचा सूर नको, माहितीचा असावा.

वरच्या उदाहरणातली १० जूनची नोटीस तशी लिहिली तर अशी होईल : ‘आपल्या सदनिकेची १ एप्रिलच्या बिलाची ४,५०० रुपये बाकी आहे. व्याज सर्वसाधारण सभेत ठरलेल्या दराने सरळ पद्धतीने वेगळं दाखवलं आहे. बिलात चूक वाटत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावं, खातं दाखवण्यात येईल. एकरकमी शक्य नसल्यास हप्ते ठरवण्यासाठी कमिटीला भेटावं. या पत्राच्या पोहोचेपासून तीन महिने पूर्ण झाल्यावर आणि रक्कम न आल्यास वसुली दाखल्यासाठी अर्ज करण्यात येईल.’ खाली सेक्रेटरीची सही, शिक्का, जावक क्रमांक आणि दुसऱ्या प्रतीवर सदस्याच्या सहीसाठी मोकळी जागा.