‘तुमचं घड्याळ मागे आहे’: ब्राउझरच्या एका इशाऱ्याची पार्श्वभूमी

जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची एक सेल असते. वीज नसताना संगणकाचं घड्याळ तिच्यावर चालू राहतं. काही वर्षांनी ती संपते, आणि मग रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी संगणक स्वतःला भलत्याच वर्षात समजून उठतो. समजा, एका दुकानातल्या संगणकावर १ जानेवारी २००९. बाकी सगळं ठीक चालतं. टायपिंग होतं, प्रिंट निघते. पण बँकेची साइट उघडत नाही, मेल उघडत नाही. ब्राउझर काहीतरी सुरक्षेचं बोलू लागतो आणि दुकानदार इंटरनेटवाल्याला फोन लावतो.

या एका साध्या बिघाडाबद्दल ब्राउझरने वापरणाऱ्याला काय सांगावं, हे नीट जमायला दोन दशकं लागली.

बिघाड नेमका कुठे असतो ते आधी पाहू. https ने सुरू होणारी प्रत्येक साइट ब्राउझरला आपली ओळख पटवणारं एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर दोन तारखा असतात, ते कधीपासून वैध आणि कधीपर्यंत. आजची तारीख या दोन्हींच्या मध्ये बसते का, हे ब्राउझर तपासतो. ‘आज’ म्हणजे संगणकाचं घड्याळ सांगेल तो दिवस. अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची नेहमीची प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात, म्हणजे घड्याळ तीन-चार महिने मागे पडलं तरी ती सगळी ‘अजून सुरूच न झालेली’ ठरतात. २००९ मध्ये अडकलेल्या संगणकाला तर आजचं एकही प्रमाणपत्र पटणार नाही. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं, मग इथे का नाही? कारण घरगुती किंवा दुकानातल्या संगणकावर फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असेल तर विंडोजची वेळ-सेवा मूळ सेटिंगनुसार आपणहून दुरुस्ती करत नाही. इतका मोठा फरक तिला संशयास्पद वाटतो. नेमकं जिथे गरज असते तिथेच ती हात आखडते.

नेटस्केप कंपनीने नव्वदच्या दशकाच्या मध्यात आपल्या ब्राउझरमध्ये एसएसएल हे सुरक्षित कनेक्शनचं तंत्र आणलं, तेव्हापासून प्रमाणपत्राची ही तपासणी आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळात आपल्या दुकानदाराला एक छोटी खिडकी दिसायची. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रात अडचण आहे, असं वर लिहिलेलं. खाली तीन ओळी आणि प्रत्येकीसमोर हिरवी खूण किंवा पिवळा त्रिकोण. त्यातल्या एका ओळीत, प्रमाणपत्राची मुदत संपली आहे किंवा ते अजून वैध झालेलं नाही, एवढं सापडायचं. शेवटी प्रश्न, पुढे जायचं का? हो किंवा नाही. लोक ‘हो’ म्हणायचे, कारण काम ‘हो’ म्हटल्यावरच व्हायचं. घड्याळाचा उल्लेख कुठेच नसे.

२००६ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ७ ने छोट्या खिडकीऐवजी पूर्ण पान दिलं आणि ‘पुढे जा’ या दुव्याला ‘शिफारस नाही’ अशी शेपटी जोडली. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आलं, त्यात पुढे जाण्यासाठी एकामागून एक पायऱ्या चढाव्या लागत. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना प्रयोगशाळेत बसवून या इशाऱ्यांची तुलना केली. फायरफॉक्सच्या अडथळ्यांमुळे जास्त लोक थांबले खरे, पण त्यातल्या काहींना वाटलं की साइटच बंद पडली आहे. माणूस थांबला म्हणजे त्याला कळलं असं होत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

क्रोमचा त्या काळातला इशारा मला सगळ्यात बोधप्रद वाटतो. लाल पान, आणि साइटचं प्रमाणपत्र अजून वैध नाही असं ठसठशीत शीर्षक. खाली भला मोठा परिच्छेद: सर्व्हरने असं असं प्रमाणपत्र सादर केलं, त्यावर विश्वास ठेवावा की नाही याची माहिती उपलब्ध नाही, तुम्ही साइटशी बोलताय की हल्लेखोराशी याची खात्री देता येत नाही. आणि मग, एवढं वाचून कोणी तग धरलाच तर, तुमच्या संगणकावर सध्या अमुक तारीख आहे, ती बरोबर आहे का? नसेल तर दुरुस्त करा आणि पान पुन्हा उघडा. म्हणजे खरा उपाय पानावर होता! पण तो ज्या ठिकाणी लिहिला होता तिथवर कुणाचे डोळे पोचत नसत. खाली बटणं दोन, ‘तरीही पुढे जा’ आणि ‘सुरक्षित ठिकाणी परत’. तारीख दुरुस्त करण्यासाठी बटण नव्हतं.

२०१३ मध्ये देवदत्त आखवे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट या संशोधकांनी प्रत्यक्ष वापरातले अडीच कोटींहून जास्त इशारे तपासले. क्रोमचा प्रमाणपत्राचा इशारा लोक ७०.२ टक्के वेळा ओलांडून पुढे जात होते, फायरफॉक्सचा ३३ टक्के वेळा. हे आकडे क्रोमच्या लोकांना झोंबले असावेत. फेल्ट गूगलमध्येच होत्या. २०१४ मध्ये क्रोमच्या ३७ व्या आवृत्तीत नवं पान आलं. मजकूर थोडका केला, तांत्रिक शब्द काढले. तुमचं कनेक्शन खाजगी नाही, हल्लेखोर तुमचे पासवर्ड, संदेश किंवा कार्डाचे तपशील चोरण्याच्या प्रयत्नात असू शकतात, एवढंच सांगितलं. परत जाण्याचं बटण निळं आणि ठळक, पुढे जाण्याची वाट ‘प्रगत’ या शब्दामागे लपवलेली.

या बदलाचा अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात एक दुर्मीळ प्रांजळपणा आहे. लोकांना नीट समजेल असा इशारा लिहिण्याचं आमचं उद्दिष्ट शेवटी साधलं नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. मात्र एकूण वापरकर्त्यांपैकी आणखी जवळपास ३० टक्के लोक इशारा पाहून मागे फिरू लागले. हे शब्दांमुळे झालं नाही, बटणाच्या रंगामुळे आणि जागेमुळे झालं.

आता आपल्या दुकानदाराकडे वळा. त्याला नव्या, सोप्या, सुटसुटीत भाषेत काय सांगितलं जातंय? की कोणी हल्लेखोर त्याचा पासवर्ड चोरू पाहतोय. हे त्याच्या बाबतीत साफ खोटं आहे. ‘सुरक्षित ठिकाणी परत’ दाबून तो जाईल त्या पुढच्या साइटवरही हेच पान येणार. वाक्य सोपं झालं, पण निदान चुकीचंच राहिलं. मजकूर लिहिणाऱ्याचा इथे फारसा दोष नव्हता. त्याच्या हातात प्रोग्रॅमकडून येणारा संकेत एकच होता:

```
NET::ERR_CERT_DATE_INVALID
```

साइटवाल्याने मुदत संपूनही प्रमाणपत्र बदललं नाही तरी हाच संकेत, आणि दुकानातली सेल संपली तरी हाच. एका संकेतामागे दोन वेगळी माणसं दोषी असतील तर एकच वाक्य दोघांनाही लागू पडेल असं लिहावं लागतं, आणि तसं वाक्य गुळमुळीतच होतं.

म्हणून पुढचं काम शब्दांचं नव्हतं, कारणं वेगळी करण्याचं होतं. गूगलच्या गटाने वर्षभरातले ३० कोटींहून जास्त प्रमाणपत्र-दोषांचे अहवाल गोळा केले. दोन हजारांहून अधिक अहवाल हातांनी तपासले आणि त्यावरून आपोआप वर्गीकरण करणारे नियम बसवले. २०१७ मध्ये मांडलेल्या या कामातून दोन तृतीयांश अहवालांचं कारण यंत्राला ओळखता आलं. त्यांना आश्चर्य वाटलं ते असं की निम्म्याहून जास्त दोष साइटचे नव्हतेच. ते वापरणाऱ्याच्या यंत्रातले किंवा मधल्या नेटवर्कमधले होते. चुकलेलं घड्याळ हे त्यातलं एक मोठं कारण.

पण घड्याळ चुकलंय हे ब्राउझरने ओळखायचं कसं? त्याच्याकडे वेळ विचारायला तेच तर घड्याळ आहे. https वरून दुसऱ्या कोणाला वेळ विचारावी तर ते कनेक्शनही तारखेमुळेच नाकारलं जाणार. साध्या http वरून विचारावी तर मधला कोणीही खोटं उत्तर देऊ शकतो. यावर क्रोमने दोन युक्त्या वापरल्या. पहिली, ब्राउझरची ती आवृत्ती ज्या दिवशी तयार झाली ती तारीख त्याच्या आतच असते. संगणक त्याच्याही आधीचा दिवस दाखवत असेल तर घड्याळ मागे आहे हे उघड आहे, कारण आपल्या जन्माआधी कोणी चालू होऊ शकत नाही. दुसरी, साध्या http वरूनच वेळ मागायची, पण उत्तरावर सर्व्हरची डिजिटल सही असेल आणि ती पडताळण्याची किल्ली ब्राउझरमध्ये आधीच ठेवलेली असेल. सही जुळली तरच वेळ खरी मानायची.

ही खात्री झाल्यावर वाक्य जवळजवळ आपोआप सुचतं. आता दुकानदाराला दिसतं ते असं:

```
Your clock is behind
```

खाली एका वाक्यात, तुमच्या संगणकाची तारीख आणि वेळ चुकीची असल्यामुळे या साइटशी खाजगी कनेक्शन जोडता येत नाही, आणि संगणकावरची ती तारीख तिथेच छापलेली. २००९ हा आकडा दिसला की प्रमाणपत्र म्हणजे काय हे माहीत नसलेल्यालाही गोम कळते. बटण आहे `Update date and time`. विंडोजवर ते दाबलं की तारीख-वेळेची खिडकी थेट उघडते. हल्लेखोराचं नाव नाही. ‘तरीही पुढे जा’ हा रस्ता नाही, आणि त्याची गरजही नाही. एक गोष्ट मात्र हे पानही सांगत नाही: सेल बदलली नाही तर उद्या सकाळी पुन्हा हेच होईल. ब्राउझरला मदरबोर्डवरची सेल दिसत नाही, त्यामुळे तेवढं दुरुस्तीवाल्यालाच सांगावं लागतं.

याच कामातून सार्वजनिक वायफायचाही इशारा सुटा झाला. मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये फुकट वायफाय सुरू झालं, तसं मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं जाळं स्वतःचं लॉगिन पान दाखवण्यासाठी मध्येच आडवं येतं, आणि ब्राउझरला तो घुसखोर वाटतो. ते लॉगिन पान आहे असं ओळखता आलं की क्रोम आता लॉगिन करायला सांगतो आणि त्या पानाकडे नेतो.

अजूनही ही ओळख सगळीकडे पुरत नाही. आवृत्ती तयार झाल्याच्या तारखेशी तुलना ही युक्ती अपडेट झालेल्या ब्राउझरवर चांगली चालते. वर्षानुवर्षं अपडेट न झालेल्या ब्राउझरला त्याच्या जन्मापासून किती काळ लोटला हेच पटेनासं होतं, आणि सही असलेली वेळ मिळाली नाही तर तो बरोबर घड्याळालाही पुढे गेलेलं ठरवू शकतो. दुसरी अडचण ३० सप्टेंबर २०२१ ला दिसली. साइटच्या प्रमाणपत्राचा विश्वास संगणकात आधीच असलेल्या एका मूळ प्रमाणपत्रावर टेकलेला असतो. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकलेली होती त्याची मुदत त्या दिवशी संपली. ओएस एक्स १०.११ किंवा त्याआधीच्या मॅकवर नवं मूळ प्रमाणपत्र नव्हतं, त्यामुळे अगदी बरोबर घड्याळ असलेल्या संगणकांवरही तारखेचा दोष दिसू लागला. कोणी घड्याळ मुद्दाम मागे केलं तर मूळ प्रमाणपत्र वैध व्हायचं, पण मग नुकतीच दिलेली प्रमाणपत्रं ‘अजून सुरू न झालेली’ ठरायची. अशा वेळी ओळखायची खूण एकच: कोपऱ्यातली तारीख आणि वर्ष बरोबर आहे, काही साइट उघडतात आणि काही नाही. घड्याळ चुकलेलं असतं तेव्हा जवळपास सगळ्याच साइट एकदम अडतात.