रोमानियन डेडलिफ्ट करतो, मग लेग कर्ल कशाला?

हा प्रश्न आमचे सभासद वरचेवर विचारतात. दोन्ही व्यायाम मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचेच, मग एक पुरे नाही का?

हॅमस्ट्रिंगचे चार भाग असतात. त्यांतले तीन बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात, म्हणजे खुबा आणि गुडघा हे दोन्ही सांधे ओलांडतात. खुब्यातून पुढे वाकलं की ते ताणले जातात. गुडघा दुमडला की आखूड होतात.

रोमानियन डेडलिफ्टमध्ये गुडघा किंचित वाकवून तसाच ठेवायचा आणि नितंब मागे ढकलायचे. बार नडगीच्या मध्याजवळ येतो तेव्हा स्नायू सगळ्यात लांब असतो आणि भारही तिथेच सगळ्यात जास्त. ताठ उभं राहिलं की हॅमस्ट्रिंगवर जवळपास काहीच उरत नाही. इथली नेहमीची चूक म्हणजे बार जमिनीला टेकवायचा हट्ट. नितंब मागे जायचे थांबले, तिथे तुमचा तळ आला. त्याखाली बार जातो तो पाठीला पोक काढून किंवा गुडघे जास्त वाकवून, आणि गुडघे वाकले की स्नायूचा ताण सुटतो. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढा, लगेच कळेल.

लेग कर्लला पालथं झोपल्यावर खुबा जवळजवळ सरळ असतो. स्नायू वरच्या टोकाला आधीच सैल, आणि टाच नितंबाकडे येईल तसा आणखी आखूड होतो. फार आखूड झालेल्या स्नायूला जोर लावता येत नाही. म्हणून शेवटचा टप्पा जड जातो, कधी मांडीत गोळाही येतो.

आमच्या एका सभासदाचे ३५ किलोवर शेवटच्या तीन-चार रेपना नितंब बाकावरून उचलले जायचे. खुबा वाकवून शरीर स्नायूला वरून थोडी लांबी मिळवून देत होतं. वजन २५ किलोवर आणलं, ओटीपोट बाकाला दाबून ठेवायला सांगितलं आणि पाय तीन सेकंदांत खाली सोडायला लावला. नितंब जागेवर राहिले.

मग लेग कर्ल सोडूनच द्यावा का? नाही. हॅमस्ट्रिंगचा चौथा, छोटा भाग फक्त गुडघा ओलांडतो. खुब्यातून वाकल्याने तो ताणला जात नाही, त्यामुळे डेडलिफ्टमध्ये त्याला फारसं काम मिळत नाही. त्याच्यासाठी गुडघा दुमडणारा व्यायाम हवाच.

तो बसून करता आला तर आम्ही तोच आधी सुचवतो, कारण बसल्यावर खुबा वाकलेला असतो आणि स्नायू लांब राहतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात १२ आठवड्यांनंतर बसून कर्ल केलेल्या पायाचं हॅमस्ट्रिंग सुमारे १४ टक्के वाढलं, पालथं झोपून केलेल्या पायाचं सुमारे ९ टक्के.

डेडलिफ्ट नव्याने सुरू करताना पहिल्या आठवड्यात दोनच सेट करा. ताणलेल्या स्थितीतल्या भाराने दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच दुखतात. ते दुखणं दोन्ही पायांत, स्नायूभर पसरलेलं असतं. एकाच जागी चमक निघाली किंवा नितंबाच्या खाली बसताना टोचलं, तर पुढचा सेट न करता आधी प्रशिक्षकाला दाखवा.